नावं ठेवण्यापूर्वी

समस्त काका, काकू, मावशी, दादा, ताई, आणि ‘पैसे देतो, पण माझं नाव कुठंही येता कामा नये’ असं बजावून आता ‘माझं नाव कितव्या मिनिटाला येतं?’ असे निरोप धाडणारे हितचिंतक यांस,

सा. न. वि. वि.

फिल्म झाली. म्हैस चालते, एसटी थांबते, पाऊस पडतो आणि सात मिनिटांत जे घडायचं ते घडतं. हे सगळं तुमच्या पैशांनी आणि तुमच्या रात्रींनी झालं, म्हणून हे आभाराचं पत्र. पत्रात आभार कमी आणि हिशेब जास्त वाटला तर राग मानू नका. वर्गणी देणाऱ्याला माणूस आधी हिशेब देतो, मग हात जोडतो.

पैसे मागायला निघालो तेव्हा आमच्या बाबांचं म्हणणं होतं की, लोकांकडून दोन-दोन, पाच-पाचशे गोळा करून कुणी सिनेमा काढतं का? काढतं. 1976 चा ‘मंथन’ गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला. दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचं आणि पटकथेत आपले विजय तेंडुलकर. बाबा म्हणाले, ‘त्यांच्यामागे अमूल होतं, तुझ्यामागे कोण आहे?’ तेव्हा माझ्यामागे फक्त आई होती, तीसुद्धा जेवायला चल म्हणून. पण त्यांच्या सिनेमातही म्हशी होत्या आणि माझ्यातही आहे, एवढ्या भांडवलावर मी सुरुवात केली. तुम्ही 412 जण झालात.

या 412 मध्येच पुढची सगळी गंमत आहे.

पाचशे रुपयांपुढे देणाऱ्या प्रत्येकाचं नाव फिल्मच्या शेवटी येईल, असं वचन मी दिलं होतं. कल्पना माझी नव्हे. ॲम्स्टरडॅमच्या ब्लेंडरवाल्यांनी 2006 मध्ये ‘एलिफंट्स ड्रीम’ नावाची ॲनिमेशन फिल्म केली, तेव्हा डीव्हीडीची आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांची नावं त्यांनी नामावलीत घातली होती. आम्ही फिल्म केली तीही त्यांच्याच ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, तर म्हटलं रीतही त्यांचीच उचलू. वचन देताना खर्च शून्य वाटला. टी-शर्टला कापड लागतं, पोस्टकार्डाला तिकीट लागतं, नावाला काय लागतं?

नावाला वेळ लागतो. तो किती, हे एकदा नीट समजून घ्या. म्हणजे ‘माझं नाव एवढं बारीक का?’ हा प्रश्न निम्म्या लोकांना पडणार नाही.

पडद्यावर सेकंदाला 24 चित्रं जातात. नावं खालून वर सरकतात म्हणजे दर चित्रात ती थोडी थोडी वर असतात. ‘थोडी’ म्हणजे किती, हे आपल्याला वाटेल तसं ठरवता येत नाही. पडदा ठिपक्यांचा असतो, आमच्या फिल्मचा 1080 ठिपके उंच आहे, आणि सरकणं पूर्ण ठिपक्यांतच झालं पाहिजे. दर चित्राला दोन ठिपके, नाहीतर तीन, नाहीतर चार. अडीच ठेवलं की एका चित्रात अक्षर ठिपक्यावर बरोबर बसतं, पुढच्यात दोन ठिपक्यांच्या मध्ये लोंबकळतं, आणि एकदा धारदार, एकदा पुसट असं होत राहतं. रोमन लिपीत हे एक वेळ खपून जातं. आपल्या लिपीत नाही, कारण आपल्या प्रत्येक नावाच्या डोक्यावर एक आडवी रेघ आहे. खालून वर जाणाऱ्या नावात सगळ्यात आधी लुकलुकते ती शिरोरेखा. पहिली चाचणी आम्ही मित्राच्या घरी टीव्हीवर लावली तेव्हा त्याची आजी दोन मिनिटं पाहत राहिली आणि म्हणाली, ‘या सगळ्यांना थंडी का वाजतेय?’

आजींची तक्रार तंत्रदृष्ट्या अचूक होती. आम्ही रेघ थोडी जाड असलेला टाइप घेतला आणि वेग दर चित्राला तीन ठिपके असा पक्का केला.

आता गणित. दोन नावांमध्ये 54 ठिपक्यांचं अंतर ठेवलं. तीन-तीन ठिपक्यांनी ते कापायला 18 चित्रं, म्हणजे पाऊण सेकंद. एकाखाली एक अशी 412 नावं लावली तर 309 सेकंद, वर शेवटचं नाव तळापासून माथ्यापर्यंत जाऊन दिसेनासं व्हायला 15 सेकंद. एकूण पाच मिनिटं चोवीस सेकंद. फिल्म सात मिनिटांची. महोत्सवांत लघुपटाची लांबी नामावलीसकट मोजतात, आणि बारा-साडेबारा मिनिटांच्या जागेत सात मिनिटं म्हैस नि उरलेली वेळ तुम्ही, हे निवड समितीला पटवणं अवघड होतं.

वेग वाढवा म्हणाल, तर चार ठिपक्यांवर नाव सव्वाअकरा सेकंदांत पडदा ओलांडतं. एकटं नाव असेल तर ते भरपूर झाले. पण तुम्ही एकटं नाव शोधत नसता. आधी आपलं, मग जावेचं, मग ‘तिनं किती दिले असतील’ याचा अंदाज, असं एकूण काम असतं. म्हणून वेग तोच ठेवून तीन रांगा केल्या. 138 ओळी, 118 सेकंद आणि थोडं वर. जवळजवळ दोन मिनिटं. इथे बाबांना मी हेही सांगून टाकलं की, ‘मंथन’वाल्यांनी पाच लाख नावं आमच्या वेगानं एका रांगेत सोडली असती तर नामावली चार दिवस आणि आठ तास चालली असती. तीन रांगांत दीड दिवस, म्हणजे गणपतीत बसलं असतं. बेनेगलांनी शहाण्या माणसासारखं गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांतर्फे सादर, अशी एकच ओळ टाकली. पण दोन रुपयांत ओळ पुरते. पाचशे रुपयांत नाव लागतं.

संगीत देणाऱ्या दादांचे इथे वेगळे आभार. त्यांनी शेवटच्या नावांसाठी पावणेदोन मिनिटांची धून बांधली होती. नामावली तिच्यात बसवायला वेग जवळजवळ साडेतीन ठिपके करावा लागत होता, आणि साडेतीन म्हणजे पुन्हा थंडी. रात्री साडेअकराला मी त्यांना फोन केला. त्यांनी संगीतातल्या स्वातंत्र्यावर थोडं ऐकवलं आणि सकाळी ढोलकीची आवर्तनं वाढवून धून पाठवून दिली. ती आवर्तनं फिल्ममधली सगळ्यात चांगली जागा आहे, असं ऐकणारे सांगतात. ती त्यांनी रागात वाजवली आहेत, हे फक्त मला ठाऊक आहे.

वेळेचं जमलं, मग नावांकडे वळलो.

तुम्ही पैसे भरलेत फोनवरून. फोन मला नाव सांगतो ते बँकेला माहीत असलेलं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आधी आडनाव. आता `KALE` हे काळे की काले, `SATHE` हे साठे की साथे, हे मी कुणाला विचारायचं? तुम्हालाच विचारलं. ज्यांना विचारलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी उत्तरही इंग्रजीतच दिलं, ‘हो, `Kale` बरोबर आहे.’ नऊ जणांनी नाव ‘एक हितचिंतक’ असं कळवलं होतं. मी नऊ हितचिंतक एका ओळीत आणले तर त्यांतल्या दोघांना ते आवडलं नाही; आपण बाकीच्या सात हितचिंतकांपैकी नव्हेत असं त्यांचं म्हणणं पडलं. एका मावशींनी पाच हजार दिले ते घरच्या जोडखात्यातून, आणि खात्यावर पहिलं नाव काकांचं. यादी आधी तपासायला पाठवली म्हणून बरं, नाहीतर काका अमर झाले असते. मावशींचा फोन आला, ‘भिशी माझी, म्हैस तुझी, आणि नाव त्यांचं? ते तर या धंद्यात पैसे घालू नको म्हणत होते.’ नाव बदललं. काकांनी दुसऱ्या दिवशी पाचशे एक पाठवले.

क्रम कुठला लावायचा यावर मी फार विचार केला. रकमेप्रमाणे लावला तर लग्नपत्रिकेसारखं व्हायचं: वर चार मोठी घराणी आणि खाली बारीक टाइपात समस्त आप्तेष्ट. म्हणून अकारविल्हे. संगणकाला सांगितलं, लाव. त्यानं लावली. पण संगणकाचा अकारविल्हे आणि आपल्या बालवाडीच्या तक्त्यावरचा एक नव्हे. आपण क्ष आणि ज्ञ शेवटी म्हणतो; संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क ला ष जोडलेला आणि ज्ञ म्हणजे ज ला ञ जोडलेला. त्यामुळे क्षितिजाताई कौस्तुभच्या मागोमाग आल्या आणि ज्ञानेश्वरराव ज्योतीच्या शेजारी. मी ते तसंच ठेवलं. आयुष्यभर हजेरीपटावर शेवटी उभं राहिलेल्या माणसाला एकदा तरी मध्यात येऊ द्यावं.

खरा घोळ पुढे होता. आम्ही फिल्म ज्यात केली त्या ब्लेंडरमध्ये अक्षरं लिहायची सोय आहे, पण ती देवनागरीला ओळखत नाही. अक्षरं ती एकामागून एक मांडते, त्यांना एकमेकांत बसवत नाही. पहिली वेलांटी आपण अक्षरानंतर टाइप करतो नि ती दिसते मात्र अक्षराच्या आधी. हा मान देणं ब्लेंडरला जमत नाही. तो वेलांटी जिथे टाइप केली तिथेच ठेवतो, आणि ती पुढच्या अक्षराच्या गळ्यात पडते. किरण नावाचे सगळे दाते ‘करिण’ झाले. निखिल होते त्यांचं ‘नखिलि’ झालं. जोडाक्षरवाल्यांचे पाय मोडून बाजूला ठेवलेले. ही यादी मी चुकून संगीतवाल्या दादांना पाठवली, त्यांनी विचारलं, ‘कुठल्या देशातून पैसे आणलेस?’

उपाय सोपा आहे आणि पुढे कुणी मराठी नामावली करेल त्याच्या कामी यावा म्हणून लिहितो. नावं इंकस्केपमध्ये लिहायची, तिथे वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर पडतात. मग `Object to Path` करून अक्षरांची नुसती रेषाकृती करायची, एसव्हीजी फाइल ब्लेंडरमध्ये आणायची. आता ती अक्षरं उरत नाहीत, चित्र होतं, त्यामुळे मोडत नाहीत. तोटा एकच. चित्रातलं नाव नंतर दुरुस्त करता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ‘माझ्या नावात दीर्घ ऊकार हवा होता’ हे ज्यांनी शेवटच्या आठवड्यात कळवलं, त्यांनी माझं मौन तुटक समजू नये. मी तेव्हा ऊकारच काढत होतो.

आता मदतनीसांकडे येतो. तुमची नावं सरकत नाहीत, ठराविक वेळ थांबतात. वेगळा पडदा आहे तुमचा, आणि तो कमावलेला आहे.

आवाजवाल्यांपासून सुरू करू. म्हैस चिखलातून चालते तो आवाज कुठल्याही चिखलाचा नाही. खरा चिखल माइकवर नुसती सळसळ देतो. कल्याणच्या एका ताईंनी घमेल्यात जुनी वर्तमानपत्रं भिजत घातली आणि पंजांनी मळली. चार पावलं, चार वेगवेगळे जोर, कारण म्हैस पुढचा पाय टाकते तसा मागचा टाकत नाही. एसटीचं दार म्हणजे त्यांच्याच आईचं गोदरेजचं कपाट. त्यांनी पहिल्यांदा हे सगळं व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवलं, आणि व्हॉट्सॲप व्हॉइस नोटला इतकं दाबतं की, कपाटाची डबी झाली होती. मग तोच आवाज फाइल म्हणून, ‘डॉक्युमेंट’मधून आला, तेव्हा दार एसटीचं झालं. त्या कपाटावर आता त्यांच्या आईनं चिठ्ठी लावली आहे, ‘शूटिंगसाठी उघडू नये’.

आणि रेंडरवाले. हे काय असतं ते बाबांनाही अजून कळलेलं नाही, म्हणून सांगतो. म्हैस संगणकात उभी केली, दिवे लावले, पाऊस पाडला, तरी ते चित्र नसतं, फक्त चित्राची सामग्री असते. प्रत्येक चित्र संगणकाला उजेडाचा हिशेब करून रंगवावं लागतं. सात मिनिटं म्हणजे 420 सेकंद, गुणिले 24, म्हणजे 10,080 चित्रं. माझ्या लॅपटॉपला एका चित्राला सरासरी दहा मिनिटं लागत. एकूण 1,680 तास. लॅपटॉप एक मिनिट बंद न करता सत्तर दिवस, आणि आमच्याकडे दर गुरुवारी वीज जाते.

म्हणून तुम्ही तुमचे संगणक रात्रीपुरते दिलेत. कुणी ऑफिसातून आल्यावर, कुणी मुलाचा गेम बंद करून. एका काकांनी तर सीए असल्यामुळे ‘सप्टेंबरपर्यंत माझं यंत्र मागू नकोस, नंतर घेऊन जा’ असं लेखी कळवलं. सुरुवातीला आम्ही कामाची वाटणी न्याय्य केली: विषम आकड्यांची चित्रं नाशिकला, सम आकड्यांची ठाण्याला. चित्रं आली, जोडली, आणि म्हैस लखलखायला लागली. एक चित्र उजळ, पुढचं मंद, पुन्हा उजळ. ठाण्याच्या संगणकावर ब्लेंडरची जुनी आवृत्ती होती आणि आमच्या फाइलमधली `AgX` ही रंगांची मांडणी तिला ओळखता येत नव्हती. तिनं आपल्या मनानं दुसरी लावली. एकेक चित्र पाहिलं तर दोन्ही छान दिसत. चालू केल्यावरच भांडण दिसतं. तेव्हापासून नियम केला: एक आखा शॉट एका घरी. फरक पडलाच तर तो दोन शॉटच्या सांध्यावर पडतो, जिथे प्रेक्षकाचा डोळा तसाही नव्या चित्रात रुळत असतो. उरलेला रंगांचा फरक मग शॉटगणिक जुळवता येतो. आवृत्तीही सगळ्यांना एकच दिली, हे ओघानं आलंच.

दुसरा प्रकार जास्त प्रेक्षणीय होता. सकाळी उठून पाहावं तर चाळीसगावहून आलेली म्हैस नखशिखान्त गुलाबी. ब्लेंडरला एखादं कातडीचं चित्र सापडलं नाही की, तो तिथे भडक गुलाबी रंग भरतो, कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून. फाइलमध्ये त्या कातडीचा पत्ता माझ्या लॅपटॉपचा लिहिलेला होता, `C:` पासून. चाळीसगावच्या संगणकात माझं घर कुठून असणार? पत्ता `//textures/mhais.png` असा लिहिला की, सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांचा अर्थ ‘फाइल जिथे असेल तिथून शोध’ असा होतो, आणि म्हैस कुठल्याही गावी काळी राहते. सर्वांत निर्धास्त म्हणजे `Pack Resources` करून सगळं सामान फाइलच्या पोटातच भरणं. फाइल जड होते, पण वाटेत काही सांडत नाही. गुलाबी म्हैस एका चिमुरडीनं पाहिली आहे, आणि खरी फिल्म पाहताना तिनं ‘हिची मैत्रीण कुठाय?’ असं विचारलं आहे. त्या मुलीच्या आईबाबांचे संगणक दिल्याबद्दल आभार, आणि तिचे पुढच्या फिल्मची गोष्ट दिल्याबद्दल.

रेंडरवाल्यांत एक नाव तुम्हाला ‘फाइल मोजणी’ या कामापुढे दिसेल. लोक हसतील, हसू देऊ नका. आम्ही सरळ व्हिडिओ काढत नव्हतो, एकेक चित्र वेगळं साठवत होतो, कारण व्हिडिओ काढताना मध्येच वीज गेली तर आखी फाइल जाते. चित्रं काढताना गेली तर फक्त एक चित्र जातं. पण ते एक कुठलं हे शोधायचं कसं? दहा हजार चित्रं डोळ्यांनी तपासली तर माणूस म्हशीला घाबरायला लागेल. पनवेलच्या एका निवृत्त गुरुजींनी युक्ती काढली. फाइली आकाराप्रमाणे लावायच्या. एका शॉटमधली चित्रं साधारण सारख्या वजनाची असतात. जे अर्धवट किंवा काळं ठिक्कर निघालं असेल ते सगळ्यात हलकं, म्हणून यादीच्या टोकाला येऊन उभं राहतं. रोज सकाळी गुरुजी मला निरोप धाडत, ‘तिसऱ्या दृश्यात चौदा गैरहजर, एक आजारी.’ त्यांनी आयुष्यभर हेच केलं, त्यामुळे त्यांना ब्लेंडर शिकवावं लागलं नाही.

आता शेवटच्या सूचना. फिल्मचा दुवा प्रत्येकाला वेगवेगळा येईल, तो कृपया सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये; बरेच महोत्सव आधी सगळीकडे पसरलेली फिल्म घेत नाहीत. फिल्म सात मिनिटांना संपते, तिथून मदतनीस, मग दाते. अ ते ज पहिल्या रांगेत, झ ते म मधल्या, य ते ह तिसऱ्या. सगळ्या रांगा एकदमच सरकतात, तेव्हा आपलं नाव बघताना इकडेतिकडे पाहू नका. घरी पाहत असाल तर थांबवायचं बटण आहे. थिएटरात नाही, तिथे उभं राहून ‘थांबवा’ म्हणू नये, विशेषतः मावशींनी.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

ता. क. बऱ्याच जणांनी 80जीची पावती मागितली आहे. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला देता येते, मला नाही. मी फक्त एका म्हशीचा दिग्दर्शक आहे. आयकरात सूट मिळणार नाही. टी-शर्ट मात्र मिळेल, आणि ज्यांनी माप कळवलं नाही त्यांना एक्सएल येईल.